सिम ठणठणीत, तरी ‘नो सर्व्हिस’: खर्च कुठून सुरू करायचा

चिपळूणजवळच्या वाडीतून मामांचा फोन आला, तोही मामींच्या फोनवरून. “माझा फोन मेला रे. रेंजच नाही. दुकानदार म्हणतो बोर्डाचं काम आहे, 2,800 रुपये पडतील. करू का?” मी विचारलं, तुमचं सिम मामींच्या फोनमध्ये घालून पाहिलंत का? पाहिलं होतं, आणि तिथे ते झकास चालत होतं. म्हणजे सिम चांगलं, रिचार्ज शाबूत, टॉवरही जागेवर. तरी मामांच्या फोनवर आठ दिवस `No Service` हेच दोन शब्द.

शेवटी मामांचे 200 रुपये खर्च झाले. 2,800 आणि 200 यांच्यामध्ये काय काय तपासलं, हे ज्यांच्या फोनने असाच संप पुकारलाय त्यांच्यासाठी लिहितो आहे. तपासण्याचा क्रम महत्त्वाचा. फुकट होणाऱ्या गोष्टी आधी आणि पेचकस शेवटी. दुकानात नेमकं उलटं होतं. फोन आधी उघडला जातो आणि सेटिंग नंतर आठवतं.

आधी पडद्यावर नक्की काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘रेंज नाही’ असं म्हणून आपण सगळं एकाच पोत्यात भरतो, पण फोन वेगवेगळ्या तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतो. `No SIM` किंवा `Insert SIM` असेल तर फोनला सिम दिसतच नाही. दोष सिमच्या जागेत किंवा सिममध्ये. `Emergency calls only` असेल तर बहुतेक वेळा फोनला कोणता तरी टॉवर ऐकू येतोय, पण तो आपल्याला आत घेत नाही. कार्ड बंद झालंय, फोनचा आयएमईआय अडवलाय, किंवा आपल्या कंपनीचा टॉवर सोडून बाकीच्यांचे दिसताहेत. `No Service` म्हणजे बहुधा फोनने शोधलं आणि काहीच हाती लागलं नाही. प्रत्येक कंपनीचे फोन हे शब्द अगदी काटेकोर वापरतात असं नाही, पण दिशा कळायला एवढं पुरतं. आणि संदेश दिवसभर एकच राहतो की मध्येच बदलतो, हेही बघा. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी फुकट चाचणी मामांनी आपणहून केली होती: आपलं सिम दुसऱ्या फोनमध्ये. तिचा जोडीदार मात्र राहून गेला होता. दुसऱ्या कुणाचं चालू सिम आपल्या फोनमध्ये घालून बघायचं, शक्यतो दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम, पण निम्मी शंका तिथेच मिटते. आपलं सिम दुसरीकडेही मुकं राहिलं तर फोनवर एक रुपयाही घालू नका, सिम बदला. आपल्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चाललं आणि आपलं चाललं नाही, तर दोष बहुधा सेटिंगचा. कुठलंच सिम चाललं नाही तर सेटिंग, सिमची जागा किंवा बोर्ड, याच क्रमाने बघायचं.

इथे थोडं थांबून एक इशारा. फोनवर कुणी काही केलेलं नसताना, पूर्ण रेंज असलेल्या जागी अचानक सेवा गेली आणि सिम दुसऱ्या फोनमध्येही चालेना, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. आपल्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलं असण्याची शक्यता आहे. नवं सिम सुरू झालं की जुनं बंद पडतं आणि मग बँकेचे ओटीपी त्या माणसाकडे जातात. दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम याच चोरीला आळा घालण्यासाठी आहे. म्हणूनच आपण स्वतः सिम बदलणार असू तर त्या दिवशी बँकेचं तातडीचं काम ठेवू नये.

मामांकडे वळतो. मी त्यांना फोन डायलरवर दोन आकडे टाकायला सांगितले.

```
*#06#
*#*#4636#*#*
```

पहिल्याने फोनचा 15 आकडी आयएमईआय दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन आकडे येतात. मामांना दोन्ही दिसले. मग `About phone` मध्ये जाऊन `Baseband version` वाचायला सांगितलं. तिथे लांबलचक इंग्रजी अक्षरं-आकडे होते. हे दोन्ही दिसतात याचा अर्थ फोनमधला रेडिओचा भाग जिवंत आहे, निदान स्वतःची ओळख तरी सांगतोय. बोर्डाचं काम खरोखर असतं तेव्हा बहुधा आयएमईआयची जागा रिकामी असते आणि बेसबँडपुढे `Unknown` लिहिलेलं असतं. दुकानदाराने 2,800 चा आकडा सांगण्याआधी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तो लबाड होता असं मी म्हणत नाही. रोज पन्नास फोन हाताळणाऱ्या माणसाला सगळ्यात महाग उत्तर सगळ्यात आधी सुचतं.

गोम निघाली दुसऱ्या आकड्यात. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत त्याने एक चाचणीचं पान उघडतं, जे नेहमीच्या मेनूत नसतं. सगळ्याच फोनांत ते उघडत नाही, काही कंपन्यांनी बंद करून ठेवलंय. मामांच्या फोनमध्ये उघडलं. `Phone information` मध्ये खाली `Set preferred network type` असं खातं असतं. मामा वाचू लागले, “एन आर ओन्ली.”

मे महिन्याच्या सुट्टीत मामा पुण्याला नातवाकडे होते. नातवाने एक रील पाहिली होती: हा आकडा टाका, `NR only` करा, नेट सुसाट. पुण्यात नेट सुसाट झालंही असेल. एनआर म्हणजे फाइव्हजीचा रेडिओ, आणि ‘ओन्ली’ म्हणजे फोनला दिलेली ताकीद की फाइव्हजी सोडून दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही पाहू नकोस. मामा वाडीत परतले. तिथे फोरजीच्या तीन दांड्या असतात, फाइव्हजी नाही. फोनने हुकूम इमानाने पाळला. समोर फोरजीचा टॉवर असून त्याकडे पाहिलंच नाही आणि `No Service` लिहून मोकळा झाला. नेहमीच्या `Mobile networks` मेनूत हा पर्याय नसल्यामुळे तिथे पाहणाऱ्याला काहीच वावगं दिसलं नाही. मामींच्या फोनला असा हुकूम नव्हता, म्हणून तेच सिम तिथे चाललं.

उपाय एका मिनिटाचा. त्याच पानावर `NR/LTE/GSM/WCDMA` असा सगळं सामावणारा पर्याय निवडायचा. पान उघडत नसेल तर नेहमीच्या मेनूत जाऊन नेटवर्क मोड एकदा 4G करायचा, मग परत 5G/4G ऑटोवर आणायचा. तेवढ्याने फोन नवा हुकूम घेतो. मग विमान मोड अर्धा मिनिट लावून काढायचा. मामांच्या फोनवर दांड्या आल्या. “अरे, आला की!” एवढा आवाज मला फोनशिवायही ऐकू आला असता.

नेटवर्क मोडची ही भानगड नुसत्या रील पाहणाऱ्यांची नाही. कोणत्या कंपनीकडे कोणती पिढी चालते हे माहीत नसलं की कुणाचाही मामा होतो. जिओकडे फक्त फोरजी आणि फाइव्हजी आहे. टूजी, थ्रीजी कधी नव्हतंच. बॅटरी वाचवायला फोन टूजीवर ठेवण्याची सवय असलेल्याने नंबर जिओकडे नेला की फोन रिकाम्या वावरात हाका मारत बसतो. एअरटेलने थ्रीजी काही वर्षांपूर्वीच बंद केलं, पण टूजी आणि फोरजी चालू आहे. म्हणजे ‘3G only’ वर अडकलेला फोन तिथेही मुका. एअरटेलचं फाइव्हजी मुख्यतः फोरजीच्या आधाराने उभं आहे, त्यामुळे त्या सिमवर `NR only` केलं तर भर पुण्यातही दांड्या जाऊ शकतात. बीएसएनएलची जुनी सिमकार्डं टूजी-थ्रीजीच्या काळातली आहेत, त्यांच्या फोरजीसाठी कार्ड बदलून घ्यावं लागतं. दोन सिमच्या जुन्या फोनांत, साधारण 2017 पर्यंतच्या अनेक मॉडेलांत, एका वेळी एकाच सिमला फोरजी मिळतं आणि दुसरं आपोआप टूजी-थ्रीजीवर जातं. फक्त फोरजीवर चालणारं सिम अशा दुसऱ्या जागी पडलं की ते गप्प. सेटिंगमध्ये जाऊन डेटाचं सिम बदललं की काम होतं, फोन उघडावा लागत नाही.

मोड नीट केल्यावरच पुढची चाचणी करायची. मला विचाराल तर सगळ्या फुकट चाचण्यांत ही सर्वांत बोलकी. `Mobile networks` मध्ये `Network operators` असतं, काही फोनांत नुसतं `Network` किंवा `Choose network`. तिथला `Select automatically` बंद केला की फोन आजूबाजूच्या सगळ्या कंपन्यांचे टॉवर शोधू लागतो. दोन-तीन मिनिटं लागतात, घाई करू नका. शोध संपल्यावर यादीत तीन-चार कंपन्यांची नावं आली, तर फोनचा कान शाबूत आहे: अँटेना, तिची तार, रेडिओ, सगळं. बाजारपेठेत उभं राहून, मोड ऑटोवर असूनही यादी रिकामी आली, तर मात्र दोष लोखंडाचा. यादी पाहून झाल्यावर `Select automatically` परत चालू करायला विसरू नका. कुणीतरी प्रवासात हाताने भलत्या कंपनीचं नाव निवडलं आणि तसंच राहिलं, म्हणून आलेला ‘नो सर्व्हिस’ मी स्वतः तीनदा पाहिलाय.

आता ‘कॅरिअर सेटिंग’. हे नाव भारदस्त आहे, पण मामला एवढाच की आपल्या कंपनीचं नेटवर्क कसं वापरायचं, व्होल्टी चालू ठेवायचं की नाही, इंटरनेटसाठी कोणत्या दारातून जायचं, याच्या सूचना फोनमध्ये असतात. नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेला की कधी कधी जुन्या सूचना तशाच राहतात. आयफोनमध्ये `Settings`, `General`, `About` या पानावर अर्धा मिनिट नुसतं थांबायचं. नव्या सूचना असतील तर फोन स्वतःच विचारतो. अँड्रॉइडमध्ये त्या बहुधा सिस्टिम अपडेटबरोबर येतात. इंटरनेटचं दार म्हणजे एपीएन. जिओसाठी `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com`, बीएसएनएलसाठी `bsnlnet`. एपीएन चुकला तर साधारणपणे कॉल लागतात आणि फक्त नेट जातं. पण फोरजीमध्ये फोन नेटवर्कवर हजेरी लावतो तेव्हाच नेटची जोडणीही मागतो, त्यामुळे क्वचित हजेरीच अडते. एपीएनच्या पानावर तीन ठिपक्यांत `Reset to default` असतं, तेवढं पुरे.

याने भागलं नाही तर नेटवर्क सेटिंग रीसेट करायचं. आयफोनमध्ये `General`, `Transfer or Reset iPhone`, `Reset`, `Reset Network Settings`. अँड्रॉइडमध्ये `Reset mobile network settings` किंवा तत्सम. फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, काही जात नाही. वायफायचे पासवर्ड मात्र जातात, आणि काही फोनांत ब्लूटूथच्या जोड्याही, तेव्हा पासवर्ड आधी वहीत उतरवून ठेवा. पूर्ण फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करा असं दुकानातला मुलगा लगेच सुचवतो. नेटवर्क रीसेटने न सुटलेला घोळ त्याने सुटण्याची शक्यता कमी आणि फोटो जाण्याची जास्त.

दोन प्रसंगांत फोन, सिम, सेटिंग सगळं बरोबर असूनही सेवा येत नाही, तेही सांगून टाकतो. अमरनाथ किंवा वैष्णोदेवीला जाणाऱ्यांचं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तिथे उतरून फोन दुरुस्तीला देऊ नका. दुसरा प्रसंग परदेशातून आलेल्या फोनचा. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन तिथल्या कंपनीला कुलूपबंद असू शकतो. आयफोनच्या `About` पानावर `Carrier Lock` पुढे `No SIM restrictions` लिहिलेलं नसेल तर इथलं सिम चालणार नाही, आणि ते कुलूप तिथलीच कंपनी काढू शकते. एका परिचिताने भाच्याने आणलेला आयफोन 14 दुकानात नेला आणि ट्रे कुठे असतो म्हणून विचारलं. अमेरिकेत विकलेल्या त्या फोनला ट्रेच नसतो, ई-सिम घ्यावं लागतं. आपल्याकडेही खासगी कंपन्या ते देतात.

मामांचा फोन सुरू झाला आणि मी विजयी मुद्रेने झोपलो. चार दिवसांनी परत मामींच्या नंबरवरून फोन. “येतो नि जातो. मधेच `No SIM` म्हणतो, मग आपोआप येतो.” संदेश बदलतो का ते बघा असं वर म्हटलं, ते याचसाठी. सेटिंगचा दोष असेल तर एकच संदेश चिकटून राहतो. `No SIM`, मग रेंज, मग पुन्हा `No SIM`, आणि फोन मागून दाबला किंवा खिशात वाकला की बदल, ही खूण सिमच्या जोडणीची. मोडच्या घोळाखाली आणखी एक दोष दडून बसला होता.

आपण म्हणतो ‘ट्रे खराब झाला’. खरं तर बहुतेक फोनांत ट्रे ही नुसती चौकट, त्यात वीज वाहणारं काही नसतं. संपर्क करणाऱ्या बारीक स्प्रिंगा फोनच्या पोटात असतात आणि सिमच्या सोनेरी तुकड्यांवर टेकतात. कामाचे संपर्क सहा. एकावर वीज, एकावर माहिती, बाकीचे वेळ, पुन्हा सुरुवात वगैरेंसाठी. यातला एक जरी अर्धवट टेकला तर फोन सुरू होताना सिम वाचलं जातं आणि नंतर तुटतं. फोन मधूनमधून सिमकडे चौकशी करतो, उत्तर आलं नाही की सिम गेलं असं मानतो. ट्रे पूर्ण आत गेला की नाही हे ओळखणारं एक छोटं बटणही आत असतं. ट्रे वाकडा असेल किंवा दुसऱ्या मॉडेलचा बसवला असेल तर ते पूर्ण दबत नाही.

कोकणात जून ते सप्टेंबर हवा ओली, त्यात मामांचा फोन शर्टाच्या खिशात. सिमच्या तुकड्यांवर तपकिरी झाक आली होती, स्प्रिंगांवरही तेच असणार. सिम स्वच्छ करणं घरी जमतं. ट्रे काढायची पिन ट्रेच्याच भोकात घाला. शेजारचं सारखं दिसणारं भोक बरेचदा माइकचं असतं आणि तिथे पिन घुसवली की दुरुस्तीचा नवा खर्च. फोन आधी बंद करा. सिमची सोनेरी बाजू शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने तीन-चार वेळा पुसा, कण झटका, स्वच्छ कोरड्या सुती कापडाने पुसा. थुंकी लावून पुसणं ही आपली राष्ट्रीय सवय असली तरी ओल्या मिठाने गंज वाढतोच. फोनच्या पोटात मात्र सुई, टाचणी, कापसाची काडी काहीही घालू नका. स्प्रिंग एकदा वाकली की 200 चं काम हजाराच्या पुढे जातं.

दुसरी एक गोष्ट हाताशी असलेल्या चांगल्या टॉर्चने बघता येते. सिमच्या भोकात डोकावलं की आयफोनमध्ये आणि इतरही काही फोनांत एक छोटा पांढरा ठिपका दिसतो. पाणी लागलं की तो लाल होतो. लाल असेल तर वॉरंटीत दुरुस्ती होईल ही आशा सोडा. आणि दुकानदाराने तो ठिपका दाखवण्याआधी तुम्हीच पाहिलेला बरा, म्हणजे त्याने नंतर लाल केला की आधीच होता, हा वाद राहत नाही.

कापलेल्या सिमचाही इथेच हिशोब करतो. जुन्या काळात मायक्रो सिम कात्रीने किंवा पंचने कापून नॅनो करायची पद्धत होती, आणि अजून अशी सिमकार्डं फिरताहेत. नॅनो सिम 12.3 बाय 8.8 मिलिमीटर, पण जाडीत खरा फरक आहे: नॅनोची 0.67 मिलिमीटर, मायक्रोची 0.76. कात्रीने लांबी-रुंदी बरोबर होते, जाडी तशीच राहते. असं सिम घट्ट बसतं, स्प्रिंगा जास्त दाबतं, आणि मग त्या जागी दुसरं पातळ सिम घातलं की स्प्रिंगा त्याला टेकतच नाहीत. कापलेलं सिम अजून वापरात असेल तर आजच बदलून घ्या.

बदली सिमसाठी कंपनीच्या स्टोअरमध्ये आधार किंवा दुसरं ओळखपत्र घेऊन ज्याच्या नावावर नंबर आहे त्यानेच जायचं. शुल्क कंपनीप्रमाणे बदलतं, साधारण 100 रुपयांच्या आतबाहेर धरा आणि जाण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ग्राहक सेवेला विचारून घ्या. सिमकार्ड बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मामांनी सिम पुसलं, दिवसभर बरं चाललं, रात्री पुन्हा गेलं. म्हणजे स्प्रिंगा. त्या दुकानातूनच साफ करायच्या. आता पुढचे दर माझ्या आणि ओळखीच्यांच्या विचारपुशीतले आहेत, गावागावात आणि फोनगणिक बदलतात, तेव्हा काळ्या दगडावरची रेघ समजू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने सिमची जागा साफ करणं 100 ते 300 रुपये. नवा ट्रे साध्या फोनचा 100 ते 300, आयफोनसारख्याचा अधिक. सिमची जागाच, म्हणजे रीडर, बदलायचा तर 500 ते 1,500. तो फोनच्या मुख्य बोर्डावर टाचलेला असेल तर गरम हवेने काढावा लागतो, म्हणून आकडा वर जातो. काही मॉडेलांत तो वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो आणि पट्टीच बदलतात. रेडिओची चिप किंवा बोर्ड म्हटलं की 2,000 च्या पुढे, कधी 5,000 पर्यंत, आणि चार महिन्यांत पुन्हा बिघडणार नाही याची हमी कुणी देत नाही.

मामा दुसऱ्या दुकानात गेले. मी आधी सांगितलं होतं, “मामा, ‘फोन बघा’ असं म्हणू नका. ‘सिमची जागा साफ करायची आहे, किती घ्याल?’ असं विचारा.” 200 रुपये सांगितले, समोर बसून वीस मिनिटांत झालं. गेले चार महिने फोन ठीक आहे.

दुकानात काय मागायचं तेवढं आधी ठरवून गेलं की अर्धी लढाई जिंकली. आणि दुकानात गेल्यावर निदानाची फी फोन देण्याआधी विचारा, ती वेगळी घेतात की दुरुस्तीत धरतात तेही. पावतीवर आयएमईआय लिहून घ्या. भाग बदलला तर जुना भाग परत मागा. किती दिवसांची हमी ते कागदावर, तोंडी नको. स्क्रीन लॉकचा आकडा देऊ नका; सेवा आली की नाही हे तपासायला इमर्जन्सी स्क्रीनवरच्या दांड्या पुरतात, बाकी तुम्ही समोर बसून उघडा. दुकानदाराशी वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. टेलिकॉम कंपनीशी वाद असेल तर आधी 198 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, त्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही.

अलीकडे स्क्रीन किंवा बॅटरी बदलली असेल आणि त्यानंतर ‘नो सर्व्हिस’ सुरू झालं असेल, तर संशय पहिला त्या दुरुस्तीवर घ्या. बऱ्याच फोनांत मुख्य अँटेना खालच्या टोकाला असते आणि तिची केसासारखी बारीक तार वरच्या बोर्डाला टिचबटणासारख्या टोपणाने जोडलेली असते. फोन उघडताना ती निघते, लावायची राहते किंवा अर्धी बसते. मग नेटवर्कची यादी रिकामी येते किंवा टॉवरखाली उभं राहिल्यावरच रेंज येते. हे त्याच दुकानदाराने फुकट करून द्यायचं काम आहे, आणि पंधरा मिनिटांचं आहे. तो ‘बोर्ड गेला’ म्हणाला तर पैसे देण्याआधी फोन दुसऱ्याला दाखवा.

बोर्ड खरोखरच जातो, हेही खरं. आयफोन 7 च्या काही फोनांत बोर्डावरच्या एका घटकामुळे रेंज असतानाही `No Service` येत होतं आणि अ‍ॅपलने 2018 मध्ये ठरावीक मॉडेलांसाठी फुकट दुरुस्ती जाहीर केली होती. म्हणून वॉरंटी संपली असली तरी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची अशी योजना आहे का ते बघायला पैसे पडत नाहीत. आयएमईआय दिसत नसेल आणि बेसबँड `Unknown` असेल, तर आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघायला सांगा. फसलेल्या अपडेटमुळेही असं होतं. त्यानेही भागलं नाही तर हिशोब करा. दुरुस्तीचा आकडा फोनच्या आजच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर मी दुरुस्त करणार नाही. तीन वर्षं वापरलेल्या, आज 4,000 ला विकल्या जाणाऱ्या फोनवर 3,500 घालणं म्हणजे गाढवाला सोन्याची झूल.

अशा वेळी कुणी म्हणालं ‘आयएमईआय लिहून देतो, 800 रुपये’, तर तिथून उठा. दुसराच आयएमईआय फोनमध्ये भरणं हा गुन्हा आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि जुना फोन घेतला असेल, सगळं नीट दिसत असेल, पण कोणतंही सिम घातलं तरी `Emergency calls only` च्या पुढे जात नसेल, तर तो चोरीचा म्हणून अडवलेला असू शकतो. दुसऱ्या फोनवरून `KYM` लिहून, एक जागा सोडून तो 15 आकडी आयएमईआय टाका आणि 14422 वर पाठवा. उत्तरात तो काळ्या यादीत आहे असं आलं, तर दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही. विकणाऱ्याची पावती शोधायची.

मामांच्या नातवाला मी फोन केला. तो म्हणाला, “काका, पण नेट फास्ट झालं होतं ना!” झालं होतं, हे मला मान्य करावं लागलं.